तुम्ही विचारलंत म्हणून: सहाशे घरं आणि एक यादी

"एवढ्या मोठ्या पुण्यात पाहणीसाठी सहाशे घरं विचारून तुम्हाला काय कळतं हो? एकदा सगळ्यांनाच का विचारून टाकत नाही?"

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं: शितावरून भाताची परीक्षा. त्यावर समोरचा गप्प बसला नाही, तर गणित सांगायचे. चिठ्ठ्या टाकून सहाशे कुटुंबं निवडली आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांनी 'हो' म्हटलं, तर खरं उत्तर बहुतेक वेळा साधारण अडीच टक्के इकडे किंवा तिकडे, त्याच्या आतच असणार. वेगळ्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर उत्तर किती हललं असतं, त्याचा हा अंदाज. आम्ही याला सॅम्पलिंग एरर म्हणतो. शहर तीन लाखांचं असो की तीस लाखांचं, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. तो ठरतो आपण किती जणांना विचारलं त्यावर. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. फक्त हे उत्तर देऊन मी बरीच वर्षं मूळ प्रश्नाला बगल देत होते. भात ढवळलेला असेल तर शीत पुरतं. पण चुलीवर दुसरं पातेलं असेल आणि त्याचं झाकण कुणी काढलंच नसेल, तर?

शहराच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात आम्ही पाहणी केली होती. प्रश्न साधा होता: पिण्याच्या पाण्याचा नळ घरात आहे का? कुटुंबं निवडायची तर आधी यादी लागते. ही यादी म्हणजे फ्रेम. आमच्या हाती मिळकतकराची यादी आली. ती साफ केल्यावर बारा हजार नोंदी उरल्या. त्यातली दर विसावी घ्यायची, सुरुवात चिठ्ठीने. तेरा आला. मग तेरा, तेहतीस, त्रेपन्न असं करत सहाशे घरं. निवडीत कुठे खोट नव्हती.

शेवटच्या दिवशी सगळे चहाला बसलो होतो. फॉर्म भरून घेणाऱ्या मुलींपैकी एक त्याच भागात राहणारी होती. ती म्हणाली, "ताई, आमच्या लाइनीतलं एकपण घर तुमच्या कागदावर आलं नाही."

मी म्हटलं, "चिठ्ठीत नसेल आलं गं. असं होतं."

"तसं नाही. आमच्याकडे नळच नाही, टँकरचं भरतो. आम्ही आलो असतो तर तुमचा आकडा खाली आला असता."

रात्री मी यादी उघडून तिचा पत्ता शोधला. तिच्या लाइनीत पत्र्याच्या चौदा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एक कुटुंब. यादीत त्या जागेची एकच नोंद होती, मालकाच्या नावावर: मोकळी जागा. आणि 'मोकळी जागा' अशा सगळ्या नोंदी मी स्वतःच गाळल्या होत्या. माणसं राहत नाहीत त्या जागा कशाला ठेवायच्या, म्हणून. यादी 'साफ केली' असं वर लिहिलं, ते हेच.

मग शोधतच गेले. खाली मालक आणि वर तीन भाडेकरू अशा बंगल्याची एक नोंद, आणि आमची मुलगी खालच्याच घरी बोलून आलेली. बांधकामावरच्या मजुरांचे तळ तर कुठेच नव्हते. कर भरणारा कोण, हे त्या यादीला माहीत होतं. चूल कुणाची कुठे पेटते, हे तिला कधी विचारलेलंच नव्हतं.

काम देणाऱ्या संस्थेला कळवलं. अहवाल छपाईला गेलाय, म्हणाले. नव्वद टक्के, कमी-जास्त अडीच. मी सही केली. तेव्हा मनाशी म्हटलं, अडीच टक्के लिहिलेत ना, त्यात येऊन जाईल. येत नाही. त्या रात्री मला हे समजत नव्हतं असंही नाही.

का येत नाही ते बघा. समजा, वस्तीत शंभर कुटुंबं आहेत. ऐंशी यादीत आहेत, त्यातल्या बहात्तरांकडे नळ आहे, म्हणजे नव्वद टक्के. यादीबाहेरच्या वीसांपैकी फक्त पाचांकडे नळ आहे. एकूण सत्त्याहत्तर. आमचा आकडा तेरांनी चुकला आणि आम्ही छापतोय अडीच. आता सहाशेऐवजी सहा हजार घरांत जा. अडीचचे पाऊण टक्का होतील, नव्वद तसेच राहतील. यादीतल्या प्रत्येकाला विचारा. सॅम्पलिंग एरर शून्य होईल आणि आकडा तरी नव्वदच. यादीत माणूस नसणं, दार बंद मिळणं, प्रश्न चुकीचा समजणं, उत्तर चुकीचं लिहिणं, या सगळ्या नॉन-सॅम्पलिंग एरर. नमुना वाढवून त्या कमी होत नाहीत. उलट घाईघाईत जास्त माणसं कामाला लावली की वाढतात.

'सगळ्यांनाच विचारा' म्हणता, त्याला जनगणना म्हणतात. २०११ साली त्यासाठी देशभर सुमारे सत्तावीस लाख कर्मचारी लागले होते. तरीही दर हजारी साधारण तेवीस माणसं मोजायची राहून गेली. हे कळलं कसं? जनगणनेनंतर निवडक भागांत पुन्हा स्वतंत्र मोजणी केली आणि दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. म्हणजे जनगणनेची चूक मोजायलाही नमुना पाहणीच लागली. वयाच्या रकान्यात तर तीस, पस्तीस, चाळीस या आकड्यांवर माणसं गोळा झालेली दिसतात. "चाळीस धरा" असं बाई म्हणते आणि लिहिणारा चाळीस लिहितो.

म्हणून नमुना चांगला आणि जनगणना वाईट, असंही मला म्हणवत नाही. आमच्या बहुतेक पाहण्यांची फ्रेम जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या गटांतूनच येते. २०२१ ची जनगणना लांबली आणि आम्ही २०११ चेच गट वापरत राहिलो. मधल्या काळात पुण्याची हद्द २०१७ मध्ये अकरा गावांनी आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावांनी वाढली. जिथे तेव्हा ज्वारी होती तिथे आता सोसायट्या आहेत, आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या लाइनी. जुना गट निवडला की नवी माणसं त्यात असतात, पण किती असतील याचा जुना आकडा खोटा ठरतो.

पुढच्या पाहणीला मी यादी मागितलीच नाही. नकाशावर गल्ल्यांचे गट पाडले, त्यातले काही चिठ्ठीने निवडले, आणि निवडलेल्या गटातलं प्रत्येक दार आम्ही आधी स्वतः लिहून काढलं. गटाच्या एका कोपऱ्यातून निघायचं, उजवा हात भिंतीला ठेवून चालायचं, दारावर खडूने नंबर टाकायचा आणि विचारायचं, "इथे चुली किती?" एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. घर बंद असेल तर शेजारच्या घरात जायचं नाही. संध्याकाळी यायचं, मग रविवारी. शेजारचं घर भरून घेतलं की दिवसा घरी असणारेच फॉर्मवर जमा होतात आणि कामावर गेलेले सुटतात. याची किंमत आहे. एका गटातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून तितक्याच सहाशे घरांत आता अडीचहून जास्त टक्के लिहावे लागतात. हा मोठा आकडा मी स्वीकारला. तो निदान खरा आहे.

पण तेवढ्यानं सुटलं असं समजू नका. एका गटात मजुरांचा तळ होता. नंबर टाकले, चुली लिहिल्या, आणि दहा दिवसांनी फॉर्म घेऊन गेलो तर जागा रिकामी. काम संपलं म्हणून तळ उठला होता. पुढच्या महिन्यात दोन गल्ल्या पलीकडे, आमच्या निवडीत नसलेल्या गटात, मला एक पत्र्याची भिंत दिसली. तिच्यावर खडूचा एक्केचाळीस होता, उलटा, माझ्याच अक्षरातला.