उलटी करून बघा म्हणे! महेश्वरची एक साडी-वारी

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. गेल्या वर्षी इंदूरच्याच एका दुकानातून (नाव नाही सांगत, आता भांडून काय उपयोग) मी 1,450 रुपयांची "हँडलूम महेश्वरी" घेतली. दुकानदाराने साडी उलटी करून दाखवली, बघा मॅडम दोन्ही बाजू सारख्या, मागे एक धागा लोंबत नाही, हीच प्युअरची खूण. मी खूश. मग पुण्याची आत्या आली, तिने पदराच्या टोकाचा एक धागा ओढला आणि देवघरातल्या निरांजनावर धरला, तर तो जळला कुठे, वितळला! टोकाला काळा कडक मणी. आत्या म्हणाली, "हे प्लास्टिक आहे गं, आणि तू अहिल्याबाईंच्या गावाला खेटून राहतेस." हे फार लागलं मला.

मामेभावाचं लग्न होतंच तोंडावर, आत्यालाही एक हवी होती, तर ठरवलं की आता थेट महेश्वर. रविवारी पहाटे निघालो, महूहून जाम गेटच्या घाटाने, म्हणजे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास पण घाटात धुकं असलं की घाई करायची नाही. जाम गेटला थांबून चहा, भुट्टे, खाली निमाड पसरलेला दिसतो, मग मंडलेश्वर आणि पुढे महेश्वर. घाट, किल्ला, नर्मदा यांचे फोटो सगळ्यांनीच टाकलेत, मी टाकत नाही. साडीचं बोलते.

आधी जातो रेवा सोसायटीत, किल्ल्यातच आहे. 1970च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी ही सुरू केली, तेव्हा इथले माग बंद पडत चालले होते. विणणाऱ्या बहुतेक बायका. एक लक्षात ठेवा, ही ना-नफा संस्था आहे, सहकारी सोसायटी नव्हे, हा फरक पुढे कामाला येतो. तिथे माग चालू होते आणि एका ताईंनी आम्हाला बाजूला उभं राहू दिलं. मी लगेच माझं ज्ञान पाजळलं, की साडी उलटी करून बघायची असते ना? ताई हसल्या. म्हणाल्या, "दीदी, महेश्वरी में उल्टा-सीधा होता ही कहाँ है."

आणि इथेच माझ्या दुकानदाराची गंमत उलगडली. उलट बाजू बघायची युक्ती चालते ती बुट्ट्या असलेल्या साडीला, म्हणजे चंदेरीसारख्या. तिथे बुट्टीचा जादा धागा आडवा जातो, तो हाताने विणला की बुट्टीपुरताच वळतो किंवा मागे नीट दिसतो, आणि यंत्रावर विणला की मागे बुट्टीपासून बुट्टीपर्यंत लोंबतो आणि कापलेला असतो. पण जुन्या धाटणीच्या महेश्वरीच्या अंगात बुट्टी नसतेच! अंग साधं, नाहीतर चौकडा किंवा पट्टे. नक्षी सगळी काठात, आणि ती उभ्या धाग्यांची, म्हणजे ताण्याची, मागावर डॉबी नावाची जोडणी लावून काढलेली. विटेची, हिऱ्याची, चटईची, रुईफुलाची. शिवाय बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असाच असतो. म्हणजे मागे कापलेला धागा नाही ही महेश्वरीत कशाचीच खूण नाही, यंत्रमागाच्या नकलेतही तो नसतो. मी जी खूण बघून फसले ती खूणच चुकीच्या साडीची होती.

मग खरी खूण कुठली? ताईंनी मागाकडे बोट केलं. विणलेलं कापड आकसू नये म्हणून त्यावर एक आडवी पट्टी ताणून लावलेली असते, दोन्ही टोकांना बारीक सुया, त्या काठात टोचतात. दोन-तीन इंच विणलं की पट्टी काढायची, पुढे सरकवून परत टोचायची. म्हणून हातमागाच्या साडीच्या दोन्ही कडांना, समोरासमोर, थोड्या थोड्या अंतरावर टाचणीच्या टोकासारखी भोकं दिसतात, आणि ती अंतरं तंतोतंत सारखी नसतात कारण सरकवणारा माणूस असतो. आत्या लगेच म्हणाली म्हणजे भोकं असली की पक्की? तर नाही. यंत्रमागावरही कापड ताणायला काटेरी फिरकी असते, तिचीही भोकं पडतात, पण ती शिवणीसारखी सलग एकसारख्या ओळीत. आणि दुसरीकडे, साडी एकदा धुतली किंवा कडक इस्त्री झाली की हातमागाची भोकंही बुजतात, म्हणजे भोकं दिसत नाहीत म्हणून साडी खोटी असंही नाही. कोऱ्या साडीलाच ही परीक्षा.

दुसरी खूण मला जास्त आवडली. साडी उजेडासमोर धरायची, खिडकीत, ट्यूबलाइटमध्ये नको. आडवा धागा टाकला की फणी हाताने ठोकतात, आणि हात म्हटला की सगळे ठोके सारखे कसे पडतील, शिवाय जेवायला उठलं, पोरगं रडलं, लाइट गेली, तर माग थांबतो आणि परत सुरू करताना तिथे एक पुसटशी दाट किंवा विरळ रेघ येते. साडे पाच मीटरमध्ये अशी एखादी-दुसरी रेघ कुठेतरी असतेच. यंत्राचं कापड उजेडात एकदम सपाट, गणिताच्या वहीसारखं. (इथे मात्र काही लोक अति करतात, भसाभसा भोकं पडलेली, धागे तुटलेली साडी "हँडलूम आहे ना" म्हणून खपवतात. रेघ वेगळी, दोष वेगळा.)

आणि आत्याच्या निरांजनाचं काय? तिचं चूक नव्हतं पण अर्धं होतं. नेहमीच्या महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो, म्हणून एकच धागा जाळून काही कळत नाही, दोन जाळायचे. पदराच्या टोकाला सुटे धागे असतात ते ताण्याचे, तो जाळला की जळक्या केसांचा वास यायला हवा आणि राख चुरडली की भुगा. आडवा धागा ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकातून काढायचा, तो कागदासारखा जळेल, आणि तेच बरोबर आहे, सूत आहे ते, फसवणूक नाही. ताण्याचा धागाही कागदासारखाच जळला तर मात्र तो बहुतेक "आर्ट सिल्क" म्हणजे व्हिस्कोस. वितळला तर माझ्यासारखं. पण यातून फक्त धागा कशाचा ते कळतं, माग कुठला ते नाही कळत! शुद्ध रेशीम यंत्रमागावरही विणता येतं ना. म्हणून सिल्क मार्कचं लेबल बघून हातमाग समजू नका, ते रेशमापुरतं. हातमागाचं लेबल वेगळं आहे, हँडलूम मार्क, 2006 पासूनचं.

रेवामधून आत्याने एक घेतली, मोतिया रंगाची, किंमत जास्त होती पण तिने हुं की चूं केलं नाही. मला मात्र बजेट होतं, तर गावात निघालो. आता गावात पाट्या बघाल तर प्रत्येक दुसऱ्या दुकानावर "बुनकर सहकारी", "सीधे बुनकर से". एका दुकानात दारातच माग, त्यावर अर्धी विणलेली साडी, कोणी बसलेलं नाही, आणि मागे कपाटात चळत. मी एकाच डिझाइनच्या दोन मागितल्या, काठाला काठ लावले, तर पदराचे पट्टे दोन्हीकडे सुतभरही इकडेतिकडे नाहीत, पन्हा तोच, सगळं तेच. हाताने विणलेल्या दोन साड्या अशा एकावर एक बसत नाहीत, कुठेतरी दोन-चार धाग्यांचा फरक पडतोच. आम्ही "बघतो" म्हणून निघालो. तो माग बहुधा फोटोसाठी असावा.

शेवटी एका गल्लीत खटखट ऐकू आली त्या आवाजामागे गेलो. छोटी सोसायटी, शेडमध्ये आठ-दहा माग, खरंच चालू. इथे मी तीन प्रश्न विचारले, हे मला ताईंनीच शिकवले होते. सूत कोण देतं? विणणाऱ्याला साडीमागे मजुरी मिळते की विक्रीत वाटा? आणि विणणारे सोसायटीचे सभासद आहेत का? कारण बरेचदा एकच शेठ सूत देतो, मजुरी देतो, साडी घेऊन जातो आणि वर पाटी सहकारीची लावतो. त्यात बेकायदा काही नसेल, साडीही खरी हातमागाचीच असेल, पण मग "थेट विणकराकडून" हे खोटं. इथल्या भैय्यांनी न कुरकुरता सांगितलं: रेशीम बंगळूरकडचं, सूत कोइमतूरचं, जर सुरतेची (आणि सोन्याची नाही हो), सूत सोसायटी घेते, मजुरी साडी उतरली की लगेच, वर्षाअखेर नफा उरला तर सभासदांना बोनस. बिलावर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला. शिवाय विणणाऱ्या काकूंनी स्वतःचं विणकराचं ओळखपत्र दाखवलं, मी मागितलंही नव्हतं.

मला हवा होता जांभळा अंग आणि हिरवा काठ, तो तयार नव्हता. मागावर ताणा एकदा चढला की त्याच रंगात दहा-बारा साड्या निघतात, एका साडीसाठी कोणी नवा ताणा लावत नाही. बाण्याचा रंग बदलता येतो, धोट्यात दुसरी कांडी घातली की झालं, म्हणून भैय्या म्हणाले हाच निळा ताणा राहू द्या, वर लाल बाणा टाकतो, धूपछाँव येईल, जांभळाच दिसेल. काठ मात्र त्या ताण्यात आहे तो सोनेरीच. तीन-चार दिवसांचं विणकाम, पण आधी दोन साड्या रांगेत, म्हणून पंधरा दिवस. 3,800 ठरले, हजार अॅडव्हान्स, रीतसर पावती.

साडी एका ओळखीच्यांबरोबर इंदूरला आली. आत्या तेव्हा पुण्याला परत गेलेली, तर व्हिडिओ कॉलवर तिला खिडकीत धरून दाखवली. पदराच्या जरा अलीकडे एक रेघ आहे. आत्या म्हणे बदलून घे. मी भैय्यांना फोन केला, ते म्हणाले हो, त्या दिवशी काकूंच्या घरी पाहुणे आले होते, दुपारनंतर बसल्याच नाहीत मागावर. नाही बदलली. निऱ्यांत येत नाही पण पाठीवर येते ती रेघ, शोधली तरच दिसते.

ती 1,450वाली पण आहे अजून. पावसात नेसते, पटकन वाळते.