'नेहमी' दिसलं की काट मारा? माझा अनुभव

स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा क्लासमध्ये आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं, "पर्यायात नेहमी, कधीच नाही, फक्त, सर्व असे शब्द दिसले की डोळे झाकून काट मारा." मी तसं केलं आणि सुरुवातीला मार्क वाढलेही. तरीही या सल्ल्याचा राग आजही गेलेला नाही, कारण तो देताना कारण कुणीच सांगितलं नाही.

अभ्यासक्रम, वेळापत्रक, सराव परीक्षा हे सगळं सुरळीत पार पडलं. मी अडकलो तो विज्ञानाच्या एका प्रश्नावर: रोहिणीबद्दल योग्य विधान कोणतं? पर्याय साधारण असे होते. अ) रोहिणीतून नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते. ब) रोहिणी नेहमी हृदयापासून दूर रक्त नेते. क) रोहिणीची भिंत नीलेपेक्षा पातळ असते. ड) रोहिणीत साधारणपणे सर्व लांबीभर झडपा असतात.

मी अ आणि ब दोन्हीवर 'नेहमी' बघून काट मारली. भिंत जाड असते हे माहीत होतं, म्हणून क गेला. उरला ड, आणि त्यातला 'साधारणपणे' हा मऊ शब्द मला भरवशाचा वाटला. उत्तरतालिकेत ब होतं. चुकीचे मार्क वजा होत होते, त्यामुळे नुकसान दुहेरी झालं.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि अ व ब शेजारी शेजारी लिहिले. दोन्हीत तोच शब्द, मग एक खोटं आणि एक खरं कसं? अ खोटं ठरायला एकच रोहिणी पुरते: फुप्फुस रोहिणी. ती ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हृदयाकडून फुप्फुसांकडे नेते. बाकी जवळजवळ सगळ्या रोहिण्या विधानाच्या बाजूने उभ्या राहिल्या तरी उपयोग नाही, कारण 'नेहमी' म्हटल्यावर एकही अपवाद चालत नाही. ब मात्र निरीक्षणावर उभं नाहीच. हृदयापासून दूर रक्त नेणाऱ्या वाहिनीलाच रोहिणी म्हणतात. ती व्याख्याच आहे, अपवाद शिरणार कुठून? फुप्फुस रोहिणीसुद्धा त्यात बसते, म्हणून तर तिला रोहिणी म्हणतात. आणि माझा लाडका ड? झडपा नीलांमध्ये असतात. रोहिण्यांच्या बाबतीत त्या फक्त हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या सुरुवातीला असतात. 'साधारणपणे' लावून खोटं विधान खरं होत नाही.

मग प्रश्न काढणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं. त्याला एक बरोबर उत्तर आणि खरे वाटतील असे तीन चुकीचे पर्याय हवे असतात. सोपा मार्ग म्हणजे खरं विधान घ्यायचं आणि त्यात 'नेहमी' घालायचं. 'पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं' हे सगळ्यांना पाठ असतं. 'नेहमी' जोडलं की ते खोटं होतं, कारण उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो आणि पाणी त्याआधीच उकळतं. शिवाय कुणी हरकत घेतली तर त्याला एक अपवाद दाखवला की काम भागतं. बरोबर उत्तराला मात्र हरकत टिकू नये म्हणून तो 'बहुधा', 'सामान्यतः' लावून सुरक्षित राहतो. म्हणून हे शब्द इतक्या वेळा चुकीच्या पर्यायातच सापडतात. पण अनुभवी प्रश्नकर्त्याला विद्यार्थ्यांची ही सवय माहीत असते, आणि तो मुद्दाम खऱ्या विधानात 'नेहमी' ठेवतो.

त्यानंतर मी असा शब्द दिसला की आधी तो काढून विधान वाचायचो. शब्दाशिवायही खोटं असेल तर प्रश्नच मिटला. खरं असेल तर एक अपवाद शोधायचा. सापडला तर काट. नाही सापडला तर हे व्याख्या, गणिताचा नियम किंवा निसर्गाचा मूलभूत नियम आहे का ते पाहायचं. सम संख्यांची बेरीज नेहमी समच येते, तिथे काट मारणं म्हणजे मार्क सोडणं. उलट 'सर्व मूळ संख्या विषम असतात' हे 2 एकटा पाडतो. विषयच येत नसेल आणि अंदाजच करायचा असेल, तेव्हा मात्र काट मारण्याकडे झुकायला माझी हरकत नाही.

हो, एक सांगायचं राहिलं. 'अयोग्य विधान ओळखा' असं असेल तर सगळं उलटं होतं, तिथे 'नेहमी' असलेला पर्याय आधी तपासा. मी घाईत दोनदा चुकलो आहे.

आणि आपल्या भाषेत हा शब्द कधी कधी एका अक्षरात लपतो. 'सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात' असं मोघम वाचलं तर कुणी फारसं अडणार नाही. 'सस्तन प्राणी पिल्लांनाच जन्म देतात' म्हटलं की प्लॅटिपस आणि एकिडना अंडी घेऊन आडवे येतात. त्या 'च'भोवती मी आजही पेन्सिलीने गोल करतो.