‘इज’ की ‘बी’: अग्निसुरक्षा अहवालातली एक ओळ

मी इंग्रजी अहवालांचं संपादन करते. समितीचे सदस्य आपापला भाग लिहून पाठवतात आणि त्याचा सलग मसुदा मी बांधते. त्या दिवशी माझ्याकडे एका मोठ्या रुग्णालयाच्या अग्निसुरक्षा तपासणीचा अहवाल होता. संध्याकाळी तो विश्वस्तांच्या बैठकीत जायचा होता.

शिफारशी वाचता वाचता एका ओळीवर मी थबकले. ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट द मॅनिफोल्ड रूम इज केप्ट फ्री ऑफ स्टोअर्ड मटेरियल.’ मॅनिफोल्ड रूम म्हणजे जिथे ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर ओळीनं जोडून वॉर्डांच्या पाइपलाइनला पुरवठा करतात ती खोली. तिथे तेल, ग्रीस, पुठ्ठा, कापड काहीही ठेवायचं नसतं, कारण ऑक्सिजन जास्त असला की साध्या वस्तूही भडकून पेटतात.

वाक्य कानाला खटकत नाही, पण त्याचे दोन अर्थ निघतात. ‘इन्सिस्ट’ हे क्रियापद मागणीसाठी वापरतात, तसंच एखादी गोष्ट खरीच आहे असं ठासून सांगण्यासाठीही वापरतात. पुढे ‘इज केप्ट’ आलं की ‘ही खोली मोकळी ठेवली जाते, असं समिती ठामपणे सांगते’ असा सरळ अर्थ लागतो. म्हणजे तपासणी झाली, सगळं ठीक आहे. तिथे ‘बी केप्ट’ असतं तर अर्थ एकच उरला असता: खोली मोकळी ठेवली जावी. इंग्रजीतला हा सब्जंक्टिव्ह. आपल्याकडे हे काम विध्यर्थ करतो आणि त्याला स्वतःचा ठळक प्रत्यय आहे. इंग्रजीत मात्र वेगळा प्रत्यय नाही, क्रियापदाचं नुसतं मूळ रूप येतं: ‘इज’च्या जागी ‘बी’, ‘कीप्स’च्या जागी ‘कीप’. इतक्या बारीक फरकावर सगळा भार.

व्याकरणावरून मी निर्णय घेऊ शकत नव्हते, कारण वस्तुस्थिती मला माहीत नव्हती. तो भाग लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि एवढंच विचारलं, “सर, ती खोली मोकळी आहे की मोकळी करायची आहे?”

“मोकळी कसली! दारापासून खोक्यांची चळत लागलीय. म्हणून तर लिहिलं.”

मी अडचण सांगितली. डॉक्टर बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होते. ते म्हणाले, तिकडे असंच लिहितात. आणि ते खरं आहे. ब्रिटिश इंग्रजीत अशा जागी ‘शुड’ घालतात किंवा साधं ‘इज’ही चालवतात, अमेरिकेत विसाव्या शतकात ‘बी’ची पद्धत पुन्हा पक्की झाली. त्यामुळे डॉक्टरांचं वाक्य चूक नव्हतंच. पण हा अहवाल रुग्णालयाचा अभियंता कामांची यादी करण्यासाठी वाचणार होता. ‘मोकळी ठेवली जाते’ असं वाचून तो पुढच्या ओळीकडे गेला असता, आणि खोकी तिथेच राहिली असती. डॉक्टरांनी लगेच ‘बी’ मान्य केलं.

आमच्या नव्या सहकाऱ्यानं उत्साहानं बाकीचा अहवाल हाती घेतला आणि ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’ शोधून पुढची क्रियापदं बदलत गेला. ‘रेकमेंड’च्या बाबतीत हे बिनधोक असतं, त्याला शिफारशीचाच अर्थ आहे. ‘सजेस्ट’पाशी गाडी अडकली. मूळ वाक्य होतं, ‘द लॉगबुक सजेस्ट्स दॅट द डिझेल पंप इज टेस्टेड एव्हरी मंथ.’ त्यानं ‘बी टेस्टेड’ केलं. आता लॉगबुकच शिफारस करू लागलं! मुळात ते निरीक्षण होतं: नोंदींवरून पंपाची चाचणी दरमहा होते असं दिसतं. इथे ‘इज’च हवं. मी त्याला एकच कसोटी सांगितली: सुचवणारा कोण, ते आधी बघ. नोंदी, आकडे, जळाल्याच्या खुणा सुचवतात तेव्हा त्या पुरावा देत असतात, तिथे साधं रूप. समिती सुचवते तेव्हा बहुतेक वेळा कृती मागते, तिथे मूळ रूप. समितीही कधी नुसता अंदाज बांधते, म्हणून प्रत्येक वाक्य वाचूनच ठरवायचं. शोधा-आणि-बदला करून हे होत नाही.

खरी पंचाईत पुढच्या कलमात झाली. ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट फायर वॉर्डन्स कॅरी द स्टेअरकेस कीज.’ वॉर्डन जिन्याच्या किल्ल्या जवळ बाळगतात, की त्यांनी बाळगाव्यात? कर्ता अनेकवचनी असला की वर्तमानकाळातलं साधं रूपही ‘कॅरी’ आणि सब्जंक्टिव्हही ‘कॅरी’. व्याकरण अचूक, अर्थ अधांतरी. सहकारी म्हणाला, “मग शुड घालू या.” अर्थ स्पष्ट झाला असता, पण समितीच्या अध्यक्षांनी नकार दिला. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, आयुष्य मानकांमध्ये गेलेलं. आयएसओच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे बंधन आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस. “शुड दिसलं की लोक म्हणतात, जमलं तर करू. किल्ली जवळ नसेल तर जिना बंद राहतो, बाई. इथे सवलत नको.”

मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सब्जंक्टिव्हचा मला सर्वांत आवडणारा गुण हाच आहे की तो जोर वाढवतही नाही, कमीही करत नाही. जोर किती हे आधीचं क्रियापद ठरवतं: ‘सजेस्ट’ हलकं, ‘रेकमेंड’ मधलं, ‘इन्सिस्ट’ कडक. मध्ये ‘शुड’ आलं की मानकं वाचणाऱ्याच्या मनात ही उतरंड ढासळते. उपाय कर्त्यातच होता. ‘फायर वॉर्डन्स’चं ‘ईच फायर वॉर्डन’ केलं. एकवचनी कर्त्यापुढे साधं रूप ‘कॅरीज’ झालं असतं, ते नाही म्हटल्यावर ‘कॅरी’ ही मागणीच. शिवाय किल्ली प्रत्येकाकडे हवी हेही त्यातून स्पष्ट झालं. आधी दोघातिघांत एक जुडगा चालला असता.

बैठकीची वेळ होत आली होती, तरी एक नकार मी राखून ठेवला होता. ‘द कमिटी डझ नॉट रेकमेंड दॅट द रिअर एक्झिट बी लॉक्ड अॅट नाइट.’ रूप बरोबर, पण नकार भलत्या क्रियापदाला लागलेला. समिती कुलूप लावायची शिफारस करत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. कुणी लावलंच तर अहवालाच्या विरुद्ध काही घडत नाही. अध्यक्षांना विचारलं तर त्यांना सक्त मनाई हवी होती. तेव्हा क्रियापदही बदललं आणि ‘नॉट’ची जागाही: ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट द रिअर एक्झिट नॉट बी लॉक्ड अॅट एनी टाइम.’ सहकाऱ्याला ‘नॉट बी’ विचित्र वाटलं, त्यानं ‘इज नॉट लॉक्ड’ सुचवलं. मी म्हटलं, मग पुन्हा मॅनिफोल्ड रूमचंच झालं: मागचं दार बंद नसतं, अशी समितीनं हमी दिली. मागच्या दाराला त्या आठवड्यात साखळी होती, तिचा फोटो परिशिष्टातच होता. ‘नॉट बी’ तसंच ठेवलं आणि फाइल पाठवली.