आमची वाटचाल : संकेतस्थळे बांधता बांधता मंजुरीच्या कामाकडे

आमच्या छोट्या संस्थेची सुरुवात कंपन्यांची संकेतस्थळे बांधून देण्यापासून झाली. संकेतस्थळ सोपवले, कर्मचाऱ्यांना वापर शिकवला की काम संपले, असा तेव्हाचा हिशेब होता. पुढे तक्रारींचे स्वरूप बदलले. पान उघडत नाही, असे सांगणारे दूरध्वनी कमी झाले आणि ‘हा मजकूर कोणी, कोणाला विचारून टाकला’ असे विचारणारे वाढले. आज कोणी लिहावे, कोणी तपासावे आणि कोणी प्रकाशित करावे हे ठरवून देणे हाच आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

या कामाला वळण देणारे एक प्रकरण यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीचे होते. तेथे विक्री, सेवा आणि मनुष्यबळ हे तिन्ही विभाग संकेतस्थळावर लिहीत असत. विक्री विभागाने एका यंत्राच्या पानावर ‘हमी १२ महिने’ याऐवजी ‘हमी २४ महिने’ असे केले. ती सवलत एका योजनेपुरतीच होती, पण पानावर तसे कोठेही लिहिलेले नव्हते. सेवा विभागाला हा बदल कळला तो ग्राहक त्या पानाची छापील प्रत घेऊन आला तेव्हा.

कंपनीची पहिली मागणी होती की प्रत्येक बदलाला सर्व विभागप्रमुखांची संमती असावी. आम्ही ती मान्य केली नाही. सर्वांची संमती मागितली की प्रत्येक जण दुसऱ्याने वाचले असेल असे धरून चालतो आणि बदल रांगेत पडून राहतात. त्याऐवजी पानावरील कोणत्या विधानासाठी कोणता विभाग उत्तरदायी आहे, हे आम्ही आधी लिहून काढले. वर्णन आणि छायाचित्रे विक्रीची, हमी व सुट्या भागांची माहिती सेवेची, नोकरीच्या जाहिराती मनुष्यबळाच्या. हमीचा मजकूर पानाच्या परिच्छेदात न ठेवता वेगळ्या नोंदीत ठेवला आणि ती नोंद बदलण्याचा अधिकार सेवा विभागाकडे दिला. त्यामुळे विक्रीच्या लेखकाला पानाचे वर्णन बदलता येते, पण हमीच्या आकड्याला हात लावता येत नाही.

अवस्था चारच ठेवल्या : मसुदा, तपासणीत, प्रकाशित आणि संग्रहित. लेखक मसुदा तपासणीस पाठवतो, विभागाचा तपासनीस तो प्रकाशित करतो किंवा कारण लिहून परत करतो. कारणाची चौकट रिकामी असेल तर परत करण्याची कळ चालतच नाही. स्वतःच्या मसुद्याला स्वतः मंजुरी देता येऊ नये, हा नियम मात्र बहुतेक प्रणालींत आयता मिळत नाही. तो वेगळा बसवावा लागतो.

खरी अडचण आधीच प्रकाशित असलेल्या पानांची असते. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीच्या मूळ भूमिकांत ‘काँट्रिब्युटर’ला स्वतःची नोंद तपासणीसाठी पाठवता येते, पण ती प्रकाशित झाल्यावर तिच्यात बदल करता येत नाही आणि स्थिर पानांना तर तो हातच लावू शकत नाही. ‘एडिटर’ला मात्र सर्व काही थेट बदलता येते. चालू पानात बदल सुचवावा, पण मंजुरीपर्यंत वाचकाला जुनेच पान दिसावे, अशी मधली सोय तेथे आयती नाही. ड्रुपल या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या गाभ्यातील कंटेंट मॉडरेशन या मॉड्यूलमध्ये ती आहे : प्रकाशित आवृत्ती जागेवर राहते आणि तिच्या शेजारी नवा मसुदा तयार होतो. विभागवार मर्यादा घालण्यासाठी तेथेही वर्कबेंच ॲक्सेससारखे जोड मॉड्यूल लागते, हे खर्चाचा अंदाज देतानाच सांगितलेले बरे.

मंजुरी पानाला नसते, आवृत्तीला असते. तपासनीस वाचत असताना लेखकाने ‘एवढा एकच शब्द’ म्हणून बदल केला, तर मसुदा पुन्हा पहिल्या पायरीवर गेला पाहिजे. लेखकांची सर्वांत जास्त कुरकुर याच नियमावर होते आणि आम्ही सर्वांत कमी सवलत येथेच देतो.

तपासनीस रजेवर असेल तर काय, याचे उत्तर नसले की पासवर्ड हस्तांतरित होतात. नोंदवहीत एकच नाव मध्यरात्रीही आणि सुटीच्या दिवशीही मंजुरी देताना दिसू लागले, तर ते खाते वाटून वापरले जात आहे असे समजावे. म्हणून प्रत्येक तपासनिसाला नावानिशी बदली माणूस असतो आणि दोन कामाच्या दिवसांत निर्णय न झाल्यास सूचना त्याच्याकडे जाते. मसुदा आपोआप प्रकाशित मात्र कधीच होत नाही.

एवढे करूनही एक वाट उघडी राहते. पानावर दुवा असलेली दरपत्रकाची पीडीएफ कोणी त्याच नावाने नव्याने चढवली, तर पानाची आवृत्ती बदलत नाही आणि मंजुरीही मागितली जात नाही, पण वाचकाला दिसणारे दर बदलतात. त्यामुळे फाइलींनाही त्याच चार अवस्था लावून देतो आणि जुन्या फाइलीवर नवी चढवण्याचा अधिकार लेखकांकडून काढून घेतो.