सिकरहनाचं वळण आणि सरैयाचं 'मन'

नालाकृती सरोवराची आकृती मी शाळेत असताना शंभरदा काढली असेल, पण प्रत्यक्ष सरोवर कधी पाहिलं नव्हतं. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, हे आपल्याला ठाऊक असतं. पण दख्खनवर थोड्या मातीखाली लगेच बेसॉल्ट लागतो, त्यामुळे नदीला मोकळेपणी सरकता येत नाही. जिथे खाली फक्त गाळच गाळ आहे, अशा ठिकाणी जायचं होतं. म्हणून गेल्या नोव्हेंबरात बिहारच्या पश्चिम चंपारणात, बेतियाला उतरलो.

पहिल्या सकाळी सिकरहना पाहिली. बुढी गंडक नदीचं वरच्या भागातलं हे नाव. एका वळणावर नाव मिळाली. नावाड्याच्या हातात लांब बांबू होता. बाहेरच्या, म्हणजे कमानीच्या फुगीर बाजूला तो पाण्यात घातला, तर तळ लागेना. आतल्या बाजूला येईपर्यंत पाणी घोट्यापर्यंत उरलं आणि पुढे स्वच्छ पांढरी वाळू. एकाच वळणाचा एक काठ उभा कडा आणि दुसरा उतरती पुळण.

पुस्तकात कारण असं सांगतात की बाहेरच्या बाजूला पाणी वेगाने वाहतं म्हणून तिथे खनन होतं आणि आत संथ म्हणून संचयन. ते बरोबर आहे, पण अर्धंच. वळताना पाणी बाहेरच्या काठाशी किंचित चढतं. त्या चढलेल्या पाण्याचा दाब सगळ्या खोलीवर आतल्या बाजूला ढकलत असतो. वरचं पाणी वेगवान, ते त्या दाबाला न जुमानता बाहेर जातं. तळाचं पाणी घर्षणाने मंदावलेलं, ते आत ढकललं जातं आणि जाताना वाळू घेऊन जातं. म्हणजे पाणी पुढे जाता जाता मळसूत्रासारखं फिरतं. घरी पहायचं असेल तर कपात पाणी घेऊन त्यात चहाची पत्ती टाका आणि ढवळा. पत्ती कडेला न जाता तळाच्या मध्यावर गोळा होते. या दोन गोष्टींचं नातं आइनस्टाइनने १९२६ साली एका छोट्या लेखात मांडलं होतं.

काठ नेमका कधी कोसळतो, हे मला नावाड्याकडून कळलं. मी समजत होतो, पूर भरात असताना. तो म्हणाला, "पाणी उतरायला लागलं की कटाव सुरू होतो." विचार केल्यावर पटलं. पुरात काठाची माती पाण्याने जड होते, पण नदीचं पाणी तिला बाहेरून टेकू देत असतं. पूर झरझर ओसरला की टेकू जातो, माती मात्र ओलीच राहते. त्या कड्यात खाली वाळू आणि वर चिकणमाती होती. वाळू आधीच पोखरली गेलेली, त्यामुळे वरचा थर अख्ख्या ढेपेने खाली येतो. एक ढेप गवतासकट पाण्यात पडलेली होती.

वळशाच्या दोन्ही टोकांना असं खणणं चालू राहिलं की त्यांच्या मधली जमिनीची मान बारीक होत जाते. समजा, वळसा सहा किलोमीटरचा आहे आणि मान ३०० मीटरची. पाण्याची पातळी दोन्हीकडून सारखीच उतरणार, पण मानेवरून अंतर वीसपट कमी, म्हणजे उतार वीसपट तीव्र. एखाद्या पुरात पाणी मान फोडून थेट जातं. मग जुन्या वळशात शिरणारं पाणी मंदावतं, तोंडांशीच वाळू टाकतं आणि काही वर्षांत दोन्ही तोंडं बुजतात.

दुसऱ्या दिवशी असंच एक सुटलेलं वळण पाहिलं. गंडकच्या पूरमैदानातलं सरैया मन. इकडे अशा सरोवराला 'मन' म्हणतात. 'चौर' वेगळा, तो पावसाळ्यात भरणारा उथळ खोलगट भाग. जांभळीची झाडं काठाला लागून पाण्यावर झुकलेली, पाणी निश्चल, आणि काठाने चालत गेलं की दिशा हळूहळू बदलत जाते. नदी दिसत नाही, पण तिची वक्रता पायांना कळते.

मला मधला खोल भाग नाही, टोक पहायचं होतं. टोकाकडे पाणी उथळ होत गेलं, मग पाणवनस्पतींची गच्च चादर आणि शेवटी ओली जमीन. तिथे काठीने हातभर उकरलं. वर काळसर मऊ चिखल, म्हणजे पुरातून आलेला बारीक गाळ आणि कुजलेली पानं. वाळू हाताला लागली नाही. तोंड बुजवणारी ती वाळू बरीच खाली असणार. त्याच जमिनीवर पलीकडे कोणीतरी भात कापून नेला होता आणि खुंटांच्या ओळी सरोवराच्याच बाकाने वळत गेल्या होत्या.