तसू, सूत आणि वाड्याचा नकाशा

सातारा जिल्ह्यातील एका जुन्या वाड्याची दुरुस्तीपूर्व मोजणी माझ्याकडे आली, तेव्हा खांब, तुळया आणि कडीपाटाचे मिलिमीटरमधील नकाशे झाले की नोंद पूर्ण झाली, असेच मी धरून चाललो होतो. दोन खांबांमधले अंतर 2,740 आणि खांबाची जाडी 200 भरली. 2,740 हाच आकडा का असावा, हा प्रश्न मला पडलाही नाही.

दुरुस्तीला आलेल्या सुतारकाकांनी आपल्या वडिलांची मापाची काठी खांबाला लावली, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. त्यांचा गज 685 मिलिमीटरचा होता आणि त्याचे 24 तसू होते. म्हणजे दोन खांबांमधला खण बरोबर चार गजांचा आणि खांब सात तसूंचा. गज सगळीकडे सारखा नसतो, म्हणून त्या काठीचीच मोजणी करून तिचे चित्र नकाशासोबत जोडले आणि प्रत्येक माप दोन्ही पद्धतींनी लिहिले.

खरी अडचण सांध्यांची होती. सांधा कसा करता, असे मुलाखतीत मी विचारत असे आणि काका म्हणत, "अंदाजाने करायचं." चार दिवस असेच वाया गेल्यावर प्रश्न बाजूला ठेवले आणि सागाच्या टाकाऊ तुकड्यांत तोच सांधा करून दाखवण्याची त्यांना विनंती केली, त्या कामाची मजुरी अर्थातच दिली. तेव्हा दिसले की, खांबाच्या खाचेत शिरणाऱ्या लाकडाच्या टोकाला, म्हणजे कुसवाला, खुंटीसाठी पाडलेले भोक ते खांबातल्या खुंटीच्या भोकाच्या अगदी समोर ठेवत नाहीत, तर कुसवाच्या मुळाकडे एक सूत, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, सरकवतात. त्यामुळे ठोकलेली खुंटी कुसू आत ओढून घेते आणि सांधा घट्ट बसतो. भोक जास्त सरकवले, तर खुंटी मोडते किंवा कुसू चिरतो, आणि बंद सांध्याच्या नकाशात यातले काहीच दिसत नाही. खुंटी पुरती बसल्याचे काका ठोक्याच्या आवाजावरून ओळखत, म्हणून मी चित्रफितीतला आवाजही जपून ठेवला. नुसत्या छायाचित्रांवर भागवले असते, तर ही खूण गेलीच असती.

गवंड्यांच्या चुन्याबाबतही हाच मार्ग धरला. त्यांच्या 'तीन पाट्या वाळू'मधली प्रत्येक पाटी वजन करून टिपली. चुन्यात न विरलेले खडे राहिले, तर ते गिलाव्यात पुढे फुगून फुटतात, म्हणून त्याची गाळणी कशी करतात, हेही चित्रित केले.

युनेस्कोच्या 2003 च्या करारात पारंपरिक कारागिरी हे अमूर्त वारशाचे स्वतंत्र क्षेत्र आहे, म्हणून कौशल्याचे नोंदपत्र इमारतीच्या नकाशापासून वेगळेच केले. मात्र दोन्हीकडे सांध्याचा क्रमांक एकच ठेवला. चित्रफिती कोणाला दाखवायच्या, हे काकांच्या लेखी संमतीने ठरले. त्यांनी एक चित्रफीत फक्त आपल्या पुतण्यासाठी राखून ठेवली असून तिच्यापुढे नोंदपत्रात 'बंद' असा शेरा आहे.