सही करण्यापूर्वी वाचलेले कर्जाचे मंजुरीपत्र : माझा अनुभव

नाशिकच्या आमच्या जुन्या घराच्या छताचे काम पावसाळ्यापूर्वी उरकायचे होते आणि त्यासाठी मला 4,80,000 रुपये हवे होते. म्हणून मी एका वित्तसंस्थेकडे पाच लाखांच्या वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केला. दर वर्षाला 12 टक्के, मुदत 36 महिने आणि हप्ता 16,607 रुपये. मंजुरीपत्र ईमेलने आले तेव्हा सोबत "आज संध्याकाळपर्यंत ई-सही करा, नाहीतर ऑफर जाईल" असा प्रतिनिधीचा निरोपही आला. पत्र बारा पानांचे होते. मी छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसले.

पहिल्या पानावर मंजूर रक्कम ठळक होती. हातात किती येणार हे मात्र नवव्या पानावरच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये सापडले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदतकर्जांसोबत हे पत्रक द्यावेच लागते. त्यात प्रक्रिया शुल्क 2 टक्के म्हणजे 10,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,800 रुपये आणि खाली 'कर्ज सुरक्षा विमा, एकरकमी प्रीमियम' 14,500 रुपये अशा नोंदी होत्या. हे सगळे कर्जाच्या रकमेतूनच कापले जाणार होते, म्हणजे खात्यात 4,73,700 रुपये जमा होणार आणि माझे काम अडणार. व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर.

त्याच पत्रकात वार्षिक टक्केवारी दर, ज्याला एपीआर म्हणतात, 15.8 टक्के असा छापलेला होता. कापलेली रक्कम हिशेबात धरली की 12 टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात किती महाग पडते, ते हा आकडा सांगतो. विमा वगळून मी स्प्रेडशीटमध्ये तोच हिशेब केला तेव्हा दर सुमारे 13.7 टक्के आला. दोन टक्क्यांहून अधिक फरक एकट्या विम्याचा होता.

हा विमा मी मागितलेला नव्हता. पत्राच्या शेवटच्या जोडपत्रात "अर्जदाराने विमा संरक्षणास स्वेच्छेने संमती दिली आहे" असे वाक्य होते आणि त्यापुढच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. मी प्रतिनिधीला फोन केला.

"मॅडम, विम्याशिवाय फाइल पुढे जात नाही," ते म्हणाले.

"मग तसे मला ईमेलवर लिहून द्या. माझ्याकडे आधीच मुदत विमा आहे, त्यामुळे मला हा नको आहे," असे मी सांगितले.

लेखी उत्तर काही आले नाही, पण दुसऱ्या दिवशी विमा वगळलेले सुधारित मंजुरीपत्र आले आणि त्यात हातात येणारी रक्कम 4,88,200 रुपये होती. ऑफर जाण्याची भीतीही निराधार होती, कारण सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावे लागते आणि त्या काळात कर्जदाराने होकार दिला तर त्याच अटी संस्थेवर बंधनकारक असतात. प्रक्रिया शुल्क कमी करावे अशीही विनंती मी केली. ती मान्य झाली नाही.

मुदतपूर्व परतफेडीच्या कलमावर मी सर्वाधिक वेळ घालवला, कारण दीड वर्षाने माझी आवर्ती ठेव पूर्ण होणार होती आणि त्या पैशांतून कर्ज बंद करण्याचा माझा विचार होता. कलम असे होते : पहिले बारा हप्ते होईपर्यंत कर्ज बंद करता येणार नाही, त्यानंतर शिल्लक मुद्दलाच्या 4 टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी. अठरा हप्त्यांनंतर माझे मुद्दल सुमारे 2,72,300 रुपये उरणार होते. त्यावर शुल्क व कर मिळून साधारण 12,850 रुपये झाले असते, आणि उरलेल्या हप्त्यांतले व्याज वाचले असते सुमारे 26,600 रुपये. म्हणजे वाचणाऱ्या व्याजापैकी जवळजवळ निम्मी रक्कम शुल्कातच गेली असती.

बदलत्या व्याजदराचे कर्ज बिगरव्यावसायिक कारणासाठी वैयक्तिक कर्जदाराने घेतले असेल, तर असे शुल्क लावता येत नाही; माझा दर मात्र स्थिर होता, त्यामुळे ते संरक्षण मला लागू नव्हते. त्याच कलमाच्या खाली बारीक अक्षरात अंशतः परतफेडीची अट होती : बारा हप्त्यांनंतर वर्षातून एकदा शिल्लक मुद्दलाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम विनाशुल्क भरता येईल. ती भरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी होईल की उलट, हे पत्रात नव्हते. मी ते ईमेलने विचारले आणि "मुदत कमी होईल" हे उत्तर छापून मंजुरीपत्राला जोडले.

त्यामुळे एकदम कर्ज बंद करण्याचा बेत मी सोडला आणि ठेवीतून आधी 68,000 रुपये भरण्याचे ठरवले. सही करण्यापूर्वी सुधारित पत्राचे शेवटचे जोडपत्र पुन्हा उघडून पाहिले. विम्यापुढची चौकट रिकामी होती.